शून्यं वाढवली, पण सूर वेगळे झाले नाहीत

काही पेट्यांमध्ये एका पट्टीमागे एकाच सप्तकातल्या दोन रीड बसवलेल्या असतात. दोन्ही तंतोतंत जुळल्या, तर आवाज एकसंध येतो. थोडा फरक राहिला की आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. समजा, काळी एकच्या दोन रीडपैकी एक २७७ हर्ट्झला वाजते आणि दुसरी २७९ला. आवाजाची पातळी दोन्हींची सारखीच आहे. मग विस्पंद सेकंदाला दोन पडतात. म्हणजे आवाज एकदा फुगल्यापासून पुन्हा फुगेपर्यंत अर्धा सेकंद जातो.

पूर्वी हे काम फक्त कानाने होई. आता मोबाइलवर आवाज टिपून त्याचा वर्णपट पडद्यावर पाहता येतो. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्या अक्षावर त्या वारंवारतेचा जोर. दोन रीड आहेत, तेव्हा दोन शिखरं दिसावीत अशी आपली अपेक्षा. पण समजा, ध्वनिमुद्रण फक्त पाव सेकंदाचं आहे. सेकंदाला ८००० नमुने या हिशेबाने हातात २००० नमुने येतात. त्यांचं फूरिए रूपांतर केलं की वर्णपटाचे बिंदू ४ हर्ट्झच्या अंतराने मिळतात: २७२, २७६, २८०, २८४. हे अंतर केवळ मुद्रणाच्या कालावधीवरून ठरतं. पाव सेकंद म्हणजे ४ हर्ट्झ, एक सेकंद म्हणजे १ हर्ट्झ. सेकंदाला ८०००ऐवजी ४८००० नमुने घेतले, तरी पाव सेकंदासाठी ते ४ हर्ट्झच राहतं.

आपल्या दोन्ही रीड २७६ आणि २८० यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहेत. इथे एक युक्ती सहज सुचते, आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती तयारच असते. २००० नमुन्यांच्या शेवटी १४००० शून्यं जोडायची. एकूण झाले १६०००, म्हणजे दोन सेकंदांचा ऐवज. आता बिंदू अर्ध्या हर्ट्झवर पडतात. आधी जिथे चार-पाच ठिपके होते, तिथे सुबक, गुळगुळीत रेषा उमटते. अर्ध्या हर्ट्झचे बिंदू आहेत, तर दोन हर्ट्झचा फरक दिसायलाच हवा, असं कोणालाही वाटेल.

तो दिसत नाही. का, हे कळण्यासाठी एका बिंदूचा हिशेब कसा होतो ते पाहू. २७८ हर्ट्झचा जोर काढायचा, तर प्रत्येक नमुन्याला २७८ हर्ट्झच्या लहरीच्या त्या क्षणाच्या किमतीने गुणायचं आणि सगळे गुणाकार मिळवायचे. जोडलेल्या शून्यांची पाळी आली की गुणाकार शून्य. चौदा हजार वेळा शून्य मिळवलं, तरी बेरीज जागची हलत नाही. २७८च्या बिंदूवर आलेली किंमत मूळच्या २००० नमुन्यांतूनच आली. ज्याला शंका असेल, त्याने नव्या वर्णपटातला दर आठवा बिंदू उचलून जुन्या वर्णपटाशेजारी ठेवावा. २७६वरची किंमत तीच, २८०वरची तीच. मधले सात बिंदूही जुन्या वर्णपटातून गणिताने काढता येतात. मात्र त्यासाठी त्याच्या किमतींबरोबर कलाही हाताशी हवी.

मुळातली अडचण अशी, की पाव सेकंदात पहिल्या रीडची ६९.२५ कंपनं होतात आणि दुसरीची ६९.७५. म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या कंपनाचा. विस्पंदाच्या भाषेत, आवाजाचं एक आवर्तनही पुरं झालेलं नाही. जे अजून घडलंच नाही, त्याची नोंद नमुन्यांत असणार कशी?

आता तो पाव सेकंद नेमका कुठला, यावर चित्र बदलतं. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फसगत इथेच होते.

आधी असा तुकडा घ्या, ज्याच्या बरोबर मध्ये आवाज सर्वाधिक फुगलेला आहे. शून्यं जोडून काढलेल्या वर्णपटात एकच रुंद उंचवटा दिसतो आणि त्याचं टोक २७८वर येतं. २७८ला तर एकही रीड वाजत नाहीये! आता त्यानंतरचा पाव सेकंद घ्या, ज्याच्या मध्यावर आवाज पार ओसरलेला आहे. या वेळी २७८वर खोल खड्डा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन उंचवटे. पाहणारा खूश होतो, दोन रीड वेगळ्या झाल्या म्हणतो. पण टोकं वाचली तर ती २७५.३ आणि २८०.७च्या आसपास निघतात. म्हणजे फरक पाच हर्ट्झहून जास्त, प्रत्यक्षात तो दोनच. या आकड्यांवर विसंबून कोणी पितळी रीडच्या टोकाशी घासून तिचा सूर चढवायला बसला, तर तो गरजेपेक्षा अडीचपट घासेल.

ही चूक ओळखायला सोपी आहे. खरी शिखरं मुद्रणाचा तुकडा पुढे-मागे सरकवला तरी जागा सोडत नाहीत. खोटी शिखरं सरकतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात. शिवाय कान साक्षीला असतोच. पाच हर्ट्झचा फरक असता, तर सेकंदाला पाच विस्पंद मोजता आले असते.

मग शून्यं जोडणं निरुपयोगी का? मुळीच नाही. एकच रीड वाजत असेल आणि तिचा सूर नेमका किती, एवढंच हवं असेल, तर ती फार कामाची. तो सूर समजा २७८ला, दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये पडला, तर साध्या वर्णपटात त्याची उंची खऱ्या उंचीच्या सुमारे ६४ टक्केच दिसते आणि टोक कुठे आहे ते कळत नाही. शून्यं जोडली की उंची आणि जागा दोन्ही नीट वाचता येतात. एका शिखराची जागा बारकाईने वाचणं आणि दोन शिखरं वेगळी करणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्याला शून्यं मदत करतात, दुसऱ्याला नाही.

दुसऱ्या कामासाठी माहितीच नवी लागते. दोन हर्ट्झचा फरक पाहायचा, तर किमान अर्धा सेकंद मुद्रण हवं, आणि तेही काठावरचंच. एक सेकंद घेतला की २७७ आणि २७९ स्वच्छ वेगळे होतात. कडांचा उपद्रव कमी करण्यासाठी हान खिडकी वापरली असेल, तर शिखरं दुप्पट रुंद होतात, म्हणून कालावधीही तेवढा वाढवावा.

मुद्रण वाढवणं शक्यच नसेल, तर पेटीत एक वाट आहे. रीडच्या आवाजात मूळ सुराच्या पटीतले वरचे स्वरही भरपूर असतात. दहाव्या पटीवर पहिली रीड २७७० आणि दुसरी २७९०. तिथला फरक वीस हर्ट्झचा, आणि तो पाव सेकंदाच्या मुद्रणातही सुटा दिसतो. ही माहिती आवाजातच होती, फक्त ती वरच्या टोकाला शोधावी लागते.

तेव्हा वर्णपटाची गुळगुळीत रेषा कोणी दाखवली, तर बिंदू किती आहेत ते विचारू नका. मूळ मुद्रण किती सेकंदांचं होतं ते विचारा. आणि स्वतः पेटी तपासत असाल, तर भाता स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद सलग सूर धरा.