सेलची वाट पाहायची, पण किती?

दरवर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला भारतातले हजारो गेमर स्टीमचं पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या या दुकानाचा समर सेल तेव्हा सुरू होतो आणि पहिल्या काही मिनिटांत पान हमखास रडतखडत उघडतं. या घाईची खरं तर काहीच गरज नसते.

ही घाई जुन्या काळातली आहे. 2015 पर्यंत स्टीमच्या सेलमध्ये काही तासांपुरत्या जादा सवलती असत. सकाळी 50 टक्के सूट असलेला गेम संध्याकाळी 75 टक्क्यांवर येई, म्हणून जाणकार शेवटच्या दिवसापर्यंत दम धरायला सांगत. जून 2015 मध्ये पैसे परत देण्याचा नियम आला आणि त्या वर्षाच्या ऑटम सेलपासून हा खेळ बंद झाला. आता पहिल्या रात्री जी सूट दिसते, तीच साधारणपणे शेवटच्या दिवशीही असते.

म्हणजे सेलच्या आत थांबण्यात काही मिळत नाही. प्रश्न उरतो तो दोन सेलमधल्या थांबण्याचा, आणि तिथे दुकानाचे नियम ग्राहकाच्या उपयोगी पडतात. एकदा सूट देऊन झाली की त्या गेमवर पुढचे 30 दिवस दुसरी सूट लावता येत नाही. अपवाद फक्त वर्षातल्या चार मोठ्या सेलचा. छोटे गेम प्रकाशित होताना बहुधा पहिला आठवडा-दोन आठवडे 10-15 टक्के सूट देतात. ती हुकली, तर महिनाभर दुसरी येण्याची शक्यता कमी, हे धरून चालावं. मूळ किंमत वाढवली, तरीही 30 दिवस सूट देता येत नाही.

विशलिस्टचं काम इथे सुरू होतं. आवडलेला गेम तिथे टाकून ठेवला, की सूट लागल्यावर स्टीम ईमेल पाठवतं. मात्र सूट 20 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. नेमकी 20 टक्क्यांची सूट इतक्या वेळा दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. तेवढी सूट दिली की विशलिस्टमधल्या लोकांपर्यंत फुकट निरोप जातो. तेव्हा ईमेल आला म्हणजे भाव तळाला गेला, असं समजू नये. स्टीमडीबीसारख्या साइटवर त्या गेमचा रुपयांतला आजवरचा सर्वांत कमी भाव दिसतो, तो आधी पाहावा.

भाव पाहायचा तो रुपयांतच. स्टीमने नोव्हेंबर 2015 मध्ये भारतात रुपयांत विक्री सुरू केली. कुठल्या देशात किती आकारायचं, हे गेमचा प्रकाशक ठरवतो. व्हॉल्व्ह फक्त शिफारस करते. ‘सायबरपंक 2077’ अमेरिकेत 59.99 डॉलरला, तर भारतात 2,999 रुपयांना विकला गेला. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर अमेरिकी भाव 5,100 रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे भारतीय ग्राहकाला सेलच्या आधीच 40 टक्के सवलत मिळालेली असते. डिसेंबर 2020 मध्ये आलेला हा गेम पुढे 50 टक्के सुटीत जवळपास 1,500 रुपयांना आणि आणखी काही वर्षांनी 65 टक्के सुटीत 1,050 रुपयांच्या घरात आला. त्या शेवटच्या साडेचारशे रुपयांसाठी वर्षानुवर्षं थांबायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सुरुवातीचा तो गेम इतका सदोष होता, की थांबलेल्यांना दुरुस्त झालेला गेम मिळाला, हा नफा वेगळाच.

उलट उदाहरण ‘फॅक्टोरिओ’चं. त्याचे निर्माते कधीच सेल लावत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी महागाईचं कारण देऊन किंमत 30 वरून 35 डॉलर केली. विशलिस्टमध्ये ठेवून सुटीची वाट पाहणाऱ्यांना तो महागच पडला.

स्थानिक भाव कायम टिकेल याचीही हमी नसते. तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात एके काळी फार स्वस्त गेम मिळत. 20 नोव्हेंबर 2023 ला तिथल्या चलनांतली विक्री थांबली, डॉलरमधले भाव लागू झाले आणि कित्येक गेम एका रात्रीत महागले. स्वस्त देशाचं खातं व्हीपीएन लावून वापरणं हा नियमभंग आहे. त्यात खातं गोठू शकतं. पुण्याहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाला खात्याचा देश बदलावाच लागतो. घरच्यांनी इथून रुपयांत घेतलेला गेम त्याला भेट पाठवायचा म्हटलं, तरी दोन देशांतल्या भावात मोठा फरक असेल तर स्टीम अडवतं.

सेलच्या चार दिवस आधी पूर्ण किमतीला गेम घेऊन बसलेल्यांनाही मार्ग आहे. खरेदीला 14 दिवस झाले नसतील आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागून तोच गेम सेलच्या भावाने घेता येतो. स्टीमच्या धोरणातच लिहिलंय, की याला गैरवापर मानलं जात नाही.