गृहपाठ किती आणि कोणासाठी?

आपल्या पाल्याच्या वहीत रोज किती गृहपाठ असावा, याला शासकीय उत्तर उपलब्ध आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘शालेय दप्तर धोरण २०२०’मध्ये इयत्तांनुसार पुढील मर्यादा सुचविल्या आहेत.

पहिली-दुसरी : लेखी गृहपाठ नको. या वयात मुले सलग बसून लिहू शकत नाहीत. त्याऐवजी संध्याकाळी कोणता खेळ खेळलो, काय खाल्ले, हे त्यांनी वर्गात सांगावे.

तिसरी ते पाचवी : आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, म्हणजे पाच दिवसांत विभागल्यास रोज सुमारे चोवीस मिनिटे.

सहावी ते आठवी : रोज जास्तीत जास्त एक तास.

नववी ते बारावी : रोज जास्तीत जास्त दोन तास.

मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा कोणाच्या हट्टाने नव्हे. प्रत्येक विषयशिक्षक आपल्यापुरता थोडाच अभ्यास देतो. बेरीज मात्र कोणी करीत नाही. समजा, नागपुरात हिंगणा परिसरातील सातवीची एक मुलगी सकाळच्या शाळेत जाते. पहाटे पावणेसहाला उठते. आईवडील कारखान्यातून परतेपर्यंत, सायंकाळी सातपर्यंत, धाकट्या भावाला तीच सांभाळते. पाच विषयांचा प्रत्येकी वीस मिनिटांचा गृहपाठ म्हणजे शंभर मिनिटे; तो संपतो आठ वाजून चाळीस मिनिटांनी. त्यानंतर जेवण. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. किमान नऊ तासांसाठी तिने पावणेनऊला अंथरुणावर असायला हवे. ते घडत नाही.

उपाय वेळापत्रकात आहे. वर्गशिक्षकांनी रोज दोनच विषय ठरवून प्रत्येकी तीस मिनिटे दिली, तर पाच दिवसांत प्रत्येक विषय दोनदा येतो आणि गृहपाठ आठला संपतो. सरावही कमी पडत नाही. एका बैठकीतील वीस गणितांपेक्षा दोन दिवसांत विभागलेली दहा-दहा गणिते अधिक काळ स्मरणात राहतात. ज्या घरी शिकवणारे कोणी नाही, तेथे वर्गात शिकविलेल्याचाच सराव द्यावा. नवा पाठ वा विकतच्या साहित्याचा प्रकल्प देऊ नये.

आपण एक आठवडा वहीच्या मागील पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : अभ्यास केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, आणि किती भाग मुलाने स्वतः केला. वेळ मर्यादेत असूनही निम्मा अभ्यास आपणच करून देत असाल, तर अडचण प्रमाणाची नसून काठिण्याची आहे. वेळच ओलांडत असेल, तर ठरलेल्या मिनिटाला वही मिटावी आणि खाली लिहावे : ‘साठ मिनिटांत एवढे झाले.’ उरलेले स्वतः पूर्ण करून देऊ नये. अपूर्ण वहीच शिक्षकांना खरी स्थिती दाखवते. हे धोरण मार्गदर्शक आहे, त्यामुळे पालकसभेत तक्रारीऐवजी हीच नोंद पुढे ठेवावी.