खोल्यांचा हिशेब : दिवसाचा की महिन्याचा?

सेनगावहून शहरातील हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईच्या कामास जाणाऱ्यांनी पगाराची एक अट नीट समजून घेतली पाहिजे. समजा, मूळ पगार १२,००० रुपये, रोजचा कोटा १४ खोल्यांचा व त्यावरील प्रत्येक खोलीस ३० रुपये ठरले. २६ दिवसांपैकी १० दिवस प्रत्येकी १८ आणि १६ दिवस प्रत्येकी १२ खोल्या झाल्या. दररोजच्या हिशेबाने जादा खोल्या ४० भरतात व प्राप्ती १३,२०० रुपये होते. महिन्याची बेरीज धरल्यास मात्र ३७२ मधून ३६४ वजा जाता ८ खोल्याच उरतात व प्राप्ती १२,२४० रुपयांवर येते; कारण गिऱ्हाईक कमी असलेल्या दिवसांची तूट जादा कामातून वळती होते. म्हणून हिशेब रोजचा असल्याचे नेमणूकपत्रात नमूद करून घ्यावे व खोल्यांची दैनंदिन नोंद स्वतःजवळही ठेवावी.