एकच शब्द पुन्हा पुन्हा: निषेधाच्या कवितेत ओळींची सुरुवात सारखी का असते?

लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे गाव परंपरेने संत चोखामेळा यांचं जन्मगाव मानलं जातं. चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे काही अभंग 'जोहार' म्हणून ओळखले जातात, कारण त्यांची सुरुवातच या शब्दाने होते. जोहार म्हणजे महार समाजातल्या माणसाने वरच्या जातीतल्यांना घालायचा नमस्कार. चोखोबांनी तोच नमस्कार थेट विठ्ठलाला घातला. पुढे संत एकनाथांनीही जोहार लिहिले.

सुरुवातीचा शब्द असा पुन्हा पुन्हा वापरण्याला 'ॲनाफोरा' म्हणतात. जोहारात तो एका अभंगातून दुसऱ्या अभंगात येतो, तर निषेधाच्या कवितेत बहुतेकदा सलग ओळींच्या तोंडी येतो.

एका शब्दाने काय फरक पडतो?

समजा, लोणारमध्ये पाण्यासाठी मोर्चा निघाला आणि कुणी या ओळी लिहिल्या:

आम्ही विहीर खोदली,
आम्ही बांध घातला,
आम्ही टँकरची वाट पाहिली,
पाणी वरच्या आळीलाच मिळालं.

आता 'आम्ही' काढून वाचा. 'विहीर खोदली, बांध घातला.' कुणी? कळतच नाही. मराठीत अशा भूतकाळी वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे नाही, तर कर्माप्रमाणे बदलतं. विहीर 'खोदली', पण बांध 'घातला'. म्हणजे कष्ट कुणाचे, हे सांगण्याची सगळी जबाबदारी 'आम्ही'वर येते.

लयही तिथूनच येते. पुढची ओळ पाठ नसली तरी तिचा पहिला शब्द गर्दीला माहीत असतो. तो सगळे मिळून म्हणतात, उरलेली ओळ पुढे उभा असलेला म्हणतो. चौथ्या ओळीत मात्र 'आम्ही' येत नाही. कान त्याची वाट बघत असतो आणि तिथे 'पाणी' येतं. तक्रार नेमकी तिथेच ठसते.

'आम्ही' की 'आपण'?

'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. समोर अधिकारी असेल तर 'आम्ही' जाब विचारतं. समोर गावकरी असतील तर 'आपण' त्यांना सोबत घेतं. शब्द निवडताना आवाज कुणाचा, हेही ठरतं.

ध्रुपद म्हणजे ॲनाफोरा नव्हे

ध्रुपदात पूर्ण ओळ जशीच्या तशी परत येते, तिथे अर्थ पुढे सरकत नाही. ॲनाफोरात सुरुवात तीच, पण पुढचा भाग दरवेळी नवा असतो. तो नवा नसेल तर तिसऱ्या ओळीपर्यंत कविता घोषणा होते. वरच्या उदाहरणात विहीर, बांध आणि टँकर असा क्रम आहे: आधी स्वतःचे कष्ट, मग दुसऱ्यावर अवलंबून राहणं. ओळींची अदलाबदल करून काहीच बिघडत नसेल, तर कविता जागच्या जागी फिरतेय असं समजावं.

जोहाराचं पुढे काय झालं? आंबेडकरी चळवळीत तो नमस्कार मागे पडला आणि त्याच्या जागी 'जय भीम' आलं. डॉ. आंबेडकरांनी मात्र 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते.