सारांशातला १.४० आणि ताळेबंदातला १.०९

एका सहकारी बँकेच्या कर्ज समितीवर मी काही वर्षं होतो. प्रत्येक प्रस्तावाची फाईल जाडजूड असे, पण बैठकीत वाचलं जाई ते वरचं एक पान. त्यावर तीन आकडे ठळक टाइपात: करंट रेशो, डेट-इक्विटी रेशो, इंटरेस्ट कव्हर. आकडे बरे दिसले की पुढची फाईल.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचा प्रस्ताव मला अजून आठवतो. आकडे इथे बदलून, सोपे करून देतो आहे, गोष्ट तीच आहे. वरच्या पानावर होतं: करंट रेशो १.४०, डेट-इक्विटी ०.६६, इंटरेस्ट कव्हर ३.२. टंडन समितीने १९७५ साली जी पद्धत सुचवली, तिच्यातून १.३३ हा करंट रेशोचा मापदंड बँकांच्या अंगवळणी पडला. त्या हिशेबाने १.४० म्हणजे काळजीचं कारण नाही. त्या दिवशी बैठक उशिरा सुरू झाली, म्हणून मी मागचा ताळेबंद उघडून बसलो.

चालू मालमत्ता, म्हणजे वर्षभरात पैशात रूपांतर व्हावी अशी मालमत्ता, ८१० लाख होती: माल ३३०, ग्राहकांकडची येणी ३९०, दिलेल्या उचली ५५, रोख आणि बँकेत ३५. याला १.४० ने भागलं की चालू देणी साधारण ५८० लाख निघतात. ताळेबंदात मात्र ती ६४० होती. फरक साठ लाखांचा.

सारांशातल्या आकड्यावरून असं उलटं चालत गेलं, की कुठली ओळ गळली ते बहुधा लगेच कळतं. साठ लाख हे फर्नेससाठी घेतलेल्या मुदत कर्जाचे येत्या वर्षात भरायचे हप्ते होते. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ मध्ये बदल झाला, तेव्हापासून हे हप्ते अल्पमुदतीच्या कर्जांखाली दाखवावे लागतात. तिथे एकूण ३८० लाख होते. प्रस्ताव तयार करणाऱ्या मुलाने त्यातलं ३२० लाखांचं कॅश क्रेडिट उचललं आणि उरलेले साठ, ‘टर्म लोनच आहे ना’ म्हणून, दीर्घ मुदतीच्या १९० लाखांत मिळवून २५० केले. मी विचारलं तर तो म्हणाला, ‘‘साहेब, शीट टॅली झालीय.’’ होणारच. देणं या खान्यातून त्या खान्यात गेलं तर बेरीज कुठे बदलते?

खरा भागाकार ८१० भागिले ६४०, म्हणजे १.२७. हाच आकडा ऑडिट झालेल्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये छापलेला होता. २०२१ च्या त्याच बदलामुळे कंपन्यांना मुख्य गुणोत्तरं, अंशात काय धरलं आणि छेदात काय हे सांगून, टिपांमध्ये द्यावी लागतात. सारांश आणि ती टीप शेजारी शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे ती ठेवली जात नव्हती.

पण १.२७ ही तरी कागदावरची गोष्ट. टिपांमध्ये येण्यांचं वयही द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली किती, त्याहून जुनी किती. इथे सत्तर लाख सहा महिन्यांहून जुने होते, त्यातले बरेच एकाच ग्राहकाकडे अडकलेले. उचलींपैकी चाळीस लाख मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेले, आणि तीन वर्षांच्या ताळेबंदांत तोच आकडा जसाच्या तसा. जो पैसा तीन वर्षं हलला नाही, त्याला चालू कसं म्हणायचं? हे एकशेदहा लाख बाजूला काढले की सातशे भागिले सहाशे चाळीस, १.०९. कारखाना बुडतोय असा याचा अर्थ नाही. वर्षभरात द्यायच्या प्रत्येक रुपयामागे फक्त एक रुपया नऊ पैसे उभे आहेत, इतकाच. एखादा मोठा ग्राहक महिनाभर थांबला तर पगार कॅश क्रेडिटच्या मर्यादेला धडकणार.

डेट-इक्विटीत चूक नव्हती, सोयीची व्याख्या होती. भागभांडवल आणि राखीव निधी मिळून ३०० लाख. त्यात मालकाच्या नातेवाइकांची ८० लाखांची बिनतारण कर्जं मिळवून ३८० लाख भांडवल धरलं होतं, आणि कर्ज म्हणून फक्त मुदत कर्जाचे २५०. भागाकार ०.६६ आला. कॅश क्रेडिट कुठेच नाही. सगळी कर्जं मिळवली तर मुदत कर्ज २५०, कॅश क्रेडिट ३२०, नातेवाइकांचे ८०, म्हणजे ६५०. त्याला ३०० ने भागलं की २.१७.

नातेवाइकांचा पैसा भांडवलात धरायची रीत बँकांत आहे, आणि ती चुकीची नाही. अट एवढीच की बँकेचं कर्ज फिटेपर्यंत तो पैसा काढणार नाही असं त्यांनी लिहून द्यावं. फाईलमध्ये ते पत्र होतं. पण ताळेबंदात चालू वर्षाच्या आकड्याशेजारी मागच्या वर्षाचाही आकडा असतो, आणि तिथे होते ११० लाख. पत्र दिल्यावरही तीस लाख बाहेर गेले होते.

इंटरेस्ट कव्हर म्हणजे नफ्यातून व्याज किती पट निघतं ते. सारांशात व्याज आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा १५४ लाख, व्याज ४८ लाख, उत्तर ३.२. मला खटकलं ते ४८. वर्षाच्या सुरुवातीला कर्जं सुमारे ६०० लाख होती, शेवटी ६५०, सरासरी सव्वासहाशे. अकरा टक्क्यांनी व्याज सत्तर लाखांच्या आसपास यायला हवं. मग बावीस लाख गेले कुठे? स्थिर मालमत्तेच्या टिपेत सापडले. फर्नेस उभी राहीपर्यंतचं व्याज तिच्या किमतीत जमा केलं होतं. हिशेबाच्या नियमांत ते बसतं, त्यामुळे ऑडिटरची काही चूक नाही. पण बँकेला ते बावीस लाख रोखच द्यावे लागले होते.

नफ्यातही सव्वीस लाख एक जुना प्लॉट विकल्याचे होते. तो प्लॉट पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. ते काढले की १२८ भागिले ७०, म्हणजे १.८. घसाऱ्याचे ४४ लाखही वजा केले, कारण यंत्रं झिजतात आणि बदलावी लागतात, तर ८४ भागिले ७०, फक्त १.२.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ताळेबंद एकतीस मार्चचा असतो, आणि त्या एका दिवसासाठी घर आवरता येतं. मार्चअखेर शंभर लाखांची येणी घाईने वसूल करून ती कॅश क्रेडिटमध्ये भरली, तर मालमत्ता आणि देणी दोन्ही शंभराने घटतात आणि १.२७ चा १.३१ होतो, धंद्यात काडीचाही फरक पडत नाही. हे ताळेबंदात दिसत नाही. त्यासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याचा खातेउतारा पाहावा लागतो: भरलेली रक्कम लगेच उचलली का?

आम्ही प्रस्ताव परत पाठवला आणि मालकांना बोलावलं. त्यांनी लपवलं काहीच नाही. त्या तीस लाखांबद्दल विचारल्यावर सहज म्हणाले, ‘‘धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पत्राचं त्याला माहीतच नाही, सह्या मी घरीच करून आणल्या होत्या.’’