पीठ आंबलं नाही, की फुगलं नाही?

सकाळी झाकण काढलं आणि इडलीचं पीठ रात्री होतं तिथेच दिसलं, की घरोघरी एकच निष्कर्ष निघतो: आंबलं नाही. मग कोणी थंडीला बोल लावतं, कोणी मिठाला, कोणी तांदळाला. पण त्याआधी पीठ हुंगून बघावं आणि डाव तळापर्यंत घालून थोडं वर उचलावं. छान आंबूस वास येत असेल, आत बारीक बुडबुडे दिसत असतील, तर पीठ आंबलेलं आहे. ते फुगलं मात्र नाही. वास रात्रीसारखाच, कच्च्या डाळीचा असेल, तर आंबण्याला अजून सुरुवातच झालेली नाही. हे दोन निरनिराळे दोष आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पीठ वर येतं ते जिवाणूंमुळे. त्यांतला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. पिठातली साखर खाऊन तो लॅक्टिक आम्ल तयार करतो, त्याने आंबटपणा येतो. आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो, त्याने पीठ फुगतं. पावाला लागतं तसं यीस्ट इथे घालावं लागत नाही. हे जिवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात. पीठ हाताने कालवलं तरच आंबतं असं अनेक घरांत मानतात. हाताने कालवल्याने डाळ आणि तांदूळ तळापासून नीट एकजीव होतात हा फायदा खरा, पण जिवाणू डाळीत आधीपासून असतातच.

वायू तयार होणं हे अर्धं काम. तो पिठात अडकून राहिला पाहिजे. गव्हाच्या पावात ही जबाबदारी ग्लुटेनची असते. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून इडलीत सगळा भार उडदावर पडतो. उडदाची प्रथिनं आणि त्यातला चिकट, बुळबुळीत पदार्थ मिळून बुडबुड्यांभोवती पडदा धरतात. डाळ वाटताना ती पांढरी, हलकी, फेसाळ झाली पाहिजे असं जाणत्या बायका सांगतात ते यासाठीच. पाण्याच्या वाटीत वाटलेल्या डाळीचा थेंब टाकून बघावा. तरंगला तर डाळ झाली. बुडाला तर अजून वाटायची आहे.

तांदूळ आणि डाळीचं प्रमाण इथे महत्त्वाचं ठरतं. चार वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण दगडी वेट ग्राइंडरसाठी चांगलं आहे. तो डाळ सावकाश घोळवतो, हवा भरतो आणि एका वाटीतून भरपूर पीठ काढतो. आपल्याकडे बहुतेक घरांत मिक्सर असतो. त्याचं पातं डाळ कापतं, तितकी फुगवत नाही, शिवाय पीठ तापवतं. मिक्सरवर चारास एक घेतलं की उडीद अपुरा पडतो: वास आंबूस, पीठ मात्र बसलेलं आणि इडली घट्ट. मिक्सरला तीनास एक, डाळ जुनी असेल तर अडीचास एक घ्यावं. डाळ वाढवली म्हणजे इडली अधिकाधिक हलकी होत जाईल असंही नाही. दोनास एकच्याही पुढे गेलं की ती चिकट होते आणि पसरट बसते, कारण तिला उभं धरणारा तांदळाचा रवाळपणा कमी पडतो. म्हणून तांदूळ गुळगुळीत न वाटता बारीक रव्यासारखा ठेवायचा, आणि शक्यतो उकडा घ्यायचा.

फुगण्याचा आणखी एक शत्रू म्हणजे पाणी. पीठ ताकासारखं सरसरीत झालं की बुडबुडे वर येऊन फुटतात आणि रवा तळाशी बसतो. डावातून ते सलग धारेने वाहू नये, जाडसर पडावं.

आता दुसरा दोष: वास कच्चाच. याचं कारण बहुधा तापमान. या जिवाणूंना २८ ते ३२ अंश मानवतं. तेवढ्या उबेत पीठ ८ ते १२ तासांत तयार होतं. २० अंशांच्या आसपास त्याच पिठाला २० तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात.

पुण्यातली डिसेंबरची रात्र घ्या. ६०० ग्रॅम उकडा तांदूळ आणि २०० ग्रॅम डाळ वाटून पावणेदोन-दोन किलो पीठ झालं. नळाचं पाणी गार, स्वयंपाकघर १८ अंशांवर. पातेलं शालीत गुंडाळून कपाटात ठेवलं. सकाळी काहीच नाही. शालीचा काय उपयोग झाला? शाल ऊब निर्माण करत नाही, आत असेल ती टिकवते. आत गार पीठ होतं, ते गारच राहिलं. दोन किलो पीठ आपोआप तापायला कित्येक तास लागतात, आणि जिवाणूंची स्वतःची उष्णता एवढ्याशा पिठात जाणवण्याइतकी नसते.

म्हणून हिवाळ्यात पीठ मुळात कोमट करून ठेवायचं. वाटताना डाळीला थोडं कोमट पाणी, तांदळाला त्याहून किंचित गरम. हे हिवाळ्यापुरतंच, उन्हाळ्यात मिक्सर आधीच तापवतो, तेव्हा डाळ गार पाण्यात वाटावी. मग पातेलं हाताला जेमतेम कोमट लागेल अशा पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावं आणि आता त्यावर शाल घालावी. पाणी निवलं की एकदा बदलावं. नाहीतर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावं. ओव्हन चालू करू नये, कारण पीठ फार तापलं तर हे जिवाणू मंदावतात आणि मरतातही. एवढं करूनही सकाळी पीठ तयार नसेल, तर दुपारपर्यंत थांबावं. ते बिघडलेलं नाही, मागे पडलेलं आहे.

उरलं मीठ. रात्री मीठ घातलं म्हणून पीठ आंबलं नाही, ही तक्रार मला बहुतेक वेळा पटत नाही. वरच्या पिठाला १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे सपाट मीठ, एक टक्क्याहूनही कमी होतं. जर्मनीतला कोबीचा सावरक्राउट दोन-अडीच टक्के मिठात आंबतो आणि त्याची सुरुवात हाच ल्युकोनोस्टॉक करतो. मीठ आंबणं थोडं सावकाश करतं, नको ते जिवाणू आवरतं, थांबवत नाही. चमच्याऐवजी डावाने पडून ते तीन-चार टक्क्यांवर गेलं, तरच पीठ खरोखर अडतं. नागपूरच्या मे महिन्यात तर हा सावकाशपणा हवासा असतो, नाहीतर पीठ पहाटेच फुगून, आंबून पुन्हा खाली बसतं. सकाळी मीठ घालण्याचा तोटा मात्र नक्की आहे: ते मिसळायला पीठ ढवळावं लागतं आणि रात्रभर साठलेला वायू निघून जातो. म्हणून मीठ रात्रीच घालावं आणि सकाळी पीठ न ढवळता कडेने डाव घालून साच्यात भरावं.

आंबलेलं पण न फुगलेलं पीठ टाकू नये. त्याचे उत्तप्पे किंवा आप्पे चांगले होतात, कारण तव्यावर आणि आप्पेपात्रात फुगण्याची गरज कमी. साच्यात भरण्याआधी चिमूटभर सोडा घातला तर पिठातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन तेवढ्यापुरता वायू मिळतो. कच्च्या वासाच्या पिठाला मात्र सोड्याने आंबलेल्याची चव येणार नाही. त्याला ऊब आणि वेळच द्यावा लागतो. पिठावर गुलाबी, नारिंगी डाग किंवा केसाळ बुरशी दिसली, तर वरचा थर काढून भागवू नये. ते सगळं पीठ टाकून द्यावं.