लोकरीचा स्वेटर आणि त्याच्या पट्टीवरील चिन्हे

चंदिगड शहराला लागून, परंतु पंजाब राज्याच्या हद्दीत, झिरकपूर हे गाव आहे. दिल्ली-अंबाल्याकडून सिमल्याकडे जाणारा रस्ता त्यातून जातो. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहणाऱ्यांत कोकणातील अथवा देशावरील एखादे मराठी कुटुंबही असते. अशा कुटुंबास पहिल्याच हिवाळ्यात एक नवी वस्तू विकत घ्यावी लागते, ती म्हणजे लोकरीचा स्वेटर. येथून सुमारे शंभर किलोमीटरवरील लुधियाना हे विणलेल्या गरम कपड्यांचे देशातील मोठे केंद्र असल्याने बाजारात स्वेटरांना तोटा नसतो. पंचाईत होते ती पहिल्या धुण्याच्या वेळी. रत्नागिरीत किंवा साताऱ्यात ज्या रीतीने सदरे धुतले, त्याच रीतीने स्वेटर धुतला, तर बापाचा स्वेटर मुलाच्या अंगाला येतो, आणि तोही जाडजूड व ताठर होऊन.

वास्तविक या अपघाताची पूर्वसूचना स्वेटरातच शिवलेली असते. आतल्या बाजूस, डाव्या कुशीच्या शिवणीत अथवा मानेपाशी, एक बोटभर पट्टी असते आणि तिच्यावर काही लहान आकृत्या छापलेल्या असतात. बहुतेक लोक ती टोचते म्हणून कापून टाकतात.

या आकृत्यांचा इतिहास फार जुना नाही. विविध देशांतील कापड व्यावसायिक 1958 साली पॅरिस येथे या प्रश्नासाठी एकत्र जमले आणि 1963 साली तेथेच ‘जिनेटेक्स’ ही संस्था स्थापन झाली. भाषा कोणतीही असो, धुण्याच्या सूचना सर्वांना कळाव्यात म्हणून तिने चिन्हांचा एक संच ठरविला. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1991 साली 3758 या क्रमांकाच्या मानकात तो स्वीकारला. त्यात मूळ आकृत्या पाचच आहेत. पाण्याचे टोपले म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे विरंजन, चौकोन म्हणजे वाळविणे, इस्त्रीची आकृती म्हणजे इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे धुलाईच्या दुकानात करावयाची स्वच्छता. आकृतीवर फुली असेल तर ती क्रिया वर्ज्य होय. आकृतीखाली एक आडवी रेघ असेल तर ती क्रिया सौम्यपणे करावी, दोन रेघा असतील तर अतिशय सौम्यपणे करावी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पट्टी ही आज्ञा नसून मर्यादा आहे. टोपल्यात 40 हा आकडा असेल तर पाणी 40 अंश सेल्सिअसपर्यंत गरम चालेल, त्यापुढे नाही, एवढाच त्याचा अर्थ. थंड पाण्यात धुतल्याने पट्टीचा भंग होत नाही.

आता शुद्ध लोकरीच्या एका साध्या स्वेटराची पट्टी वाचू. तिच्यावरील पहिली आकृती टोपल्याची असते आणि टोपल्यात एक हात दाखविलेला असतो. हा कपडा हातानेच आणि 40 अंशांहून अधिक गरम नसलेल्या पाण्यात धुवावा, असा तिचा अर्थ. हातानेच का, हे समजण्यासाठी लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास हवा. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, तर लोकरीच्या तंतूवर छपराच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले खवले दिसतात. या खवल्यांची तोंडे सर्व तंतूच्या टोकाकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. पाण्यात तो फुगतो, मऊ व लवचिक होतो. अशा वेळी कपडा घुसळला, चोळला किंवा आपटला की प्रत्येक हिसक्यासरशी तंतू थोडा पुढे सरकतो, पण मागे येऊ शकत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत गुंतत जातात आणि विणीचे टाके आक्रसून त्यांचा घट्ट गठ्ठा बनतो. साबणाचे पाणी घसरण वाढविते, उष्णता तंतू अधिक लवचिक करते. ही दोन्ही या क्रियेस मदतच करतात, पण तिचे मूळ हालचालीत आहे. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात घातल्यानेच स्वेटर आटतो, असे पुष्कळांस वाटते. ते अर्धेच खरे आहे. न हलविता भिजलेला स्वेटर गरम पाण्यातूनही बहुधा बचावतो, घुसळलेला कोमट पाण्यातही बचावत नाही.

ही क्रिया महाराष्ट्राला अपरिचित नाही. जेन व बुरणूस न विणता तयार होतात. पिंजलेली लोकर पसरून, ओली करून, दाबून व लाटून तिचा एकजीव थर करतात. कारागीर जे जाणूनबुजून घडवितो, तेच धुण्याच्या दगडावर नकळत घडते, इतकाच फरक.

सुती कपड्याशी तुलना केली की आपल्या सवयीचा दोष कोठे आहे ते उमगते. कापूस हा वनस्पतिजन्य सेल्युलोज आहे. ओला झाला की तो दुबळा न होता उलट अधिक बळकट होतो आणि अल्कलीला दाद देत नाही. म्हणूनच परिटाची सोड्याची भट्टी आणि धोपटणे त्याला सोसत आले. लोकर ही केसांप्रमाणे प्रथिनांची बनलेली आहे. ओली झाली की ती दुबळी होते आणि अल्कलीपुढे तिचा टिकाव लागत नाही. कॉस्टिक सोड्याच्या शेकडा पाच भागांच्या उकळत्या द्रावात लोकर थोड्या मिनिटांत पूर्ण विरघळते, सूत तसेच राहते. प्रयोगशाळेत या दोहोंची ओळख पटविण्याची ही जुनी कसोटी आहे. नेहमीची धुण्याची पूड इतकी तीव्र नसली तरी अल्कधर्मीच असते, आणि तिच्यात पुष्कळदा रक्ताचे व दुधाचे डाग काढण्यासाठी प्रथिने तोडणारी विकरे घातलेली असतात. त्या विकरांना डागाचे प्रथिन आणि लोकरीचे प्रथिन यांतील भेद कळत नाही. म्हणून लोकरीसाठी वेगळा उदासीन द्रव-साबण वापरावा. पट्टीवर हे चित्राने सांगितलेले नसते, ही या चिन्हांची एक उणीवच म्हणावी लागेल. शिवाय त्या भागात अनेक घरांत कूपनलिकेचे दुष्फेन पाणी येते. त्यात साध्या साबणाचा चिकट साका लोकरीवर बसतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा चोळणे आलेच.

दुसरी आकृती फुली मारलेल्या त्रिकोणाची. साधा त्रिकोण असता तर कोणतेही विरंजक चालले असते. आत दोन तिरक्या रेघा असत्या तर केवळ क्लोरीनविरहित विरंजक चालले असते. फुलीचे कारण शाळेत दाखविता येईल. बाजारात मिळणाऱ्या क्लोरीनयुक्त विरंजकात लोकरीचा सुटा धागा बुडवून ठेवला, तर तो पिवळा पडून झिजू लागतो आणि काही काळाने त्याचा मागमूसही उरत नाही. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि दुसरे कोणतेही रसायन न मिसळता करावा.

त्यापुढे दोन चौकोन असतात. पहिल्यात वर्तुळ असून त्यावर फुली असते. फिरत्या पिंपाच्या वाळवणी यंत्रात घालू नये, असा तिचा अर्थ. गरम हवा आणि सततची घुसळण या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात, तेव्हा कारण वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या चौकोनाच्या मध्यावर एक आडवी रेघ असते, म्हणजे कपडा आडवा पसरून वाळवावा. ओल्या स्वेटरात त्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी राहू शकते. तो दोरीवर टांगला की तो सारा भार खांद्यांवरील ओल्या, दुबळ्या टाक्यांवर पडतो आणि स्वेटर गुडघ्यापर्यंत लोंबतो.

शेवटी इस्त्रीच्या आकृतीत ठिपके असतात. एक ठिपका सुमारे 110 अंश, दोन सुमारे 150 व तीन सुमारे 200 अंश. लोकरीवर बहुधा दोन असतात. वर्तुळातील पी हे रोमन अक्षर ड्रायक्लीनिंगमध्ये कोणता द्रावक चालेल हे दुकानदारास सांगते. घरच्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आता प्रत्यक्ष धुणे. प्रथम कोरडा स्वेटर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने आखून घ्यावी. झिरकपुरात जानेवारीत नळाचे पाणी फारच गार असते, म्हणून त्यात गरम पाणी मिसळून ते हाताला ना गरम ना गार असे करावे. ते सुमारे 30 ते 35 अंश भरते. आठ-दहा लिटर पाण्यात चमचाभर द्रव-साबण मिसळून मगच स्वेटर बुडवावा, आणि चार-पाच मिनिटे हलकेच दाबत व सोडत राहावे. चोळू नये. उचलताना दोन्ही हातांवर तोलून उचलावा. तितक्याच कोमट पाण्यात दोनदा खळबळवून न काढता दाबूनच साबण घालवावा. नंतर मोठ्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबावा, पिळू नये. शेवटी आखलेल्या कागदावर कोरडा टॉवेल अंथरून, आकृतीबरहुकूम बाह्या व कड सारखी करून, सावलीत वाळत घालावा. धुक्याच्या दिवसांत याला दोन दिवसही लागतात, म्हणून निरभ्र दिवस पाहून धुणे बरे.

परंतु हाताला लोकरीसारखा लागणारा प्रत्येक स्वेटर लोकरीचा नसतो. बाजारात ॲक्रिलिकचे स्वेटर भरपूर असतात. त्यांच्या तंतूंना लोकरीसारखे खवले नसल्याने ते अशा रीतीने आटत नाहीत, यंत्रातही धुता येतात. त्यांचा शत्रू उष्णता होय. फार गरम पाण्यात ते सैल पडून कायमचे ताणले जातात, म्हणून त्यांच्या इस्त्रीत एकच ठिपका असतो किंवा फुली असते. याउलट काही शुद्ध लोकरीच्या टोपल्यात हात नसून 30 किंवा 40 चा आकडा आणि खाली दोन रेघा दिसतात. ही लोकर कारखान्यात क्लोरीनने खवल्यांची धार मोडून व वर राळेचा पातळ लेप देऊन यंत्रात धुण्याजोगी केलेली असते. ज्या क्लोरीनने लोकर नष्ट होते, तेच मोजक्या मात्रेत तिचे रक्षण करते, हे नवल खरे. हा फरक डोळ्यांना किंवा बोटांना कळत नाही. तो फक्त पट्टीवरच वाचता येतो.

पट्टी नसलेल्या, घरी विणलेल्या स्वेटराच्या शिवणीतील सुटा धागा मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. जळत्या केसांचा वास येऊन बोटांनी चुरणारी राख उरली तर लोकर, वितळून काळा कठीण मणी झाला तर कृत्रिम धागा.

स्वेटर आटलाच, तर तो उजेडासमोर धरून पाहावा. टाके वेगवेगळे दिसत असतील, तर तो विणताना बसलेला ताण सुटल्यानेच आखूड झालेला असतो. पुन्हा ओला करून, हळूहळू ओढून, टाचण्या लावून वाळविल्यास तो बराच पूर्वरूपास येतो. टाके मुळीच दिसत नसतील, पृष्ठभाग सपाट व दाट झाला असेल, तर तंतूंची गुंतागुंत कोणत्याही उपायाने सुटणारी नाही. असे कापड कातरले तरी त्याच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे त्याच्या बुटांतील तळवे किंवा चहाच्या किटलीची टोपी मात्र उत्तम होते.